घरून काम करताय? राउटरच्या बाबतीत या चुका टाळा

गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका मित्राची तक्रार आली. व्हीपीएन जोडलं की ऑफिसचा फाइल सर्व्हर सापडत नाही, बाकी सगळं चालतं. कंपनीच्या आयटीवाल्यांच्या मते सर्व्हर ठणठणीत होता. दुखणं त्याच्या घरात होतं, आणि ते शोधताना आणखी दोन सापडली.

त्याच्या घरात दोन डबे आहेत: इंटरनेटवाल्याने दिलेला फायबरचा डबा आणि वर विकत घेतलेला वायफाय राउटर. दोन्हींनी राउटरचं काम केलं तर घोळ होतो म्हणून कोणीतरी दुसरा ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकला होता. त्यावर गेस्ट नेटवर्क सुरू करून टीव्ही, कॅमेरा आणि स्मार्ट प्लग त्यात ढकलले, म्हणजे ते ऑफिसच्या लॅपटॉपपासून वेगळे राहतील. हीच पहिली चूक. राउटर ॲक्सेस पॉइंट झाला की पत्ते वाटणं आणि रहदारी वळवणं हे काम पहिल्या डब्याकडे जातं, आणि बऱ्याच घरगुती मॉडेलांत गेस्ट नेटवर्कची भिंत तिथेच कोसळते. नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, पण आतून वाडा एकच!

हे तपासायला दोन मिनिटं लागतात. फोन गेस्ट नेटवर्कला जोडा, मोबाइल डेटा बंद करा आणि वायफायच्या तपशिलात आयपी पत्ता पाहा. मुख्य नेटवर्कवर 192.168.1.x मिळतो आणि गेस्टवरही तोच गट दिसला तर संशय घ्या. मग ब्राउझरमध्ये 192.168.1.1 आणि प्रिंटरचा पत्ता उघडून पाहा. पानं उघडली तर गेस्ट नेटवर्क नावापुरतं आहे. मित्राच्या घरी दोन्ही उघडली. शेवटी आम्ही फायबरचा डबा ब्रिज मोडमध्ये टाकून घेतला, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नुसतं इंटरनेट पुढे देतो, आणि विकतच्या राउटरला पुन्हा राउटर केलं. काही कंपन्या ब्रिज मोड देत नाहीत. मग त्या डब्याचंच गेस्ट नेटवर्क वापरा आणि हीच चाचणी त्यावर करा.

आता मूळ तक्रार. त्याच्या लॅपटॉपवर स्प्लिट टनेलिंग आहे, म्हणजे ऑफिसच्या पत्त्यांकडे जाणारी रहदारी व्हीपीएनमधून जाते आणि बाकीची थेट घरच्या इंटरनेटवरून. ऑफिसचा सर्व्हर 192.168.1.20 वर, आणि घरचं नेटवर्कही 192.168.1.x! लॅपटॉपला वाटलं 1.20 शेजारच्याच खोलीत आहे, म्हणून तो टनेलकडे वळलाच नाही. घरात त्या पत्त्यावर टीव्ही होता. ऑफिसचं लॉगिन घेऊन टीव्हीचं दार ठोठावण्यात नुसती गैरसोय नाही, जोखीमही आहे. व्हीपीएन जोडून विंडोजच्या पॉवरशेलमध्ये पाहिलं की हे लगेच दिसतं:

```
Find-NetRoute -RemoteIPAddress 192.168.1.20
```

InterfaceAlias समोर व्हीपीएनचं नाव यायला हवं. Wi-Fi आलं तर पत्ते भिडलेत. उपाय घरीच आहे: राउटरच्या LAN सेटिंगमध्ये पत्ता 192.168.87.1 असा काहीतरी वेगळा द्या आणि सगळी उपकरणं बंद करून पुन्हा जोडा. प्रिंटरला हाताने दिलेला जुना पत्ता असेल तर तो मात्र बदलावा लागेल, नाहीतर दुसऱ्या दिवशी प्रिंट निघत नाही म्हणून नवी बोंब.

पत्त्याने सर्व्हर सापडतो पण नावाने नाही, असं असेल तर लक्षण वेगळं. नावाची चौकशी, नावावरून पत्ता सांगणाऱ्या ऑफिसच्या डीएनएसऐवजी घरच्या राउटरकडे जाते आहे. ते आयटीवाल्यांनीच दुरुस्त करायचं. ऑफिसच्या लॅपटॉपवर स्प्लिट टनेलिंगच्या याद्या स्वतः बदलू नका.

राहिलं फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर. मित्राच्या राउटरवर "नवीन अपडेट नाही" असं दिसत होतं आणि तो निश्चिंत होता. पण मॉडेलचा पाठिंबा संपला तरी हाच संदेश येऊ शकतो. उत्पादकाच्या पानावर शेवटच्या फर्मवेअरची तारीख आणि पाठिंबा चालू आहे का, ते पाहा. राउटरच्या तळाशी मॉडेलसोबत V1, V2 असं हार्डवेअरचं व्हर्जन असतं. त्याच व्हर्जनची फाइल घ्या, चुकीच्या फाइलने डबा कायमचा आडवा होऊ शकतो. सेटिंगची प्रत काढा, लॅपटॉप केबलने जोडा, आणि वीज जाण्याची शक्यता असेल तर राउटर इन्व्हर्टरवर ठेवा.

राउटर बंद-चालू केल्याने सगळं साफ होतं यावरही विसंबू नका. 2018 मध्ये उघड झालेल्या व्हीपीएनफिल्टर मालवेअरचा पहिला टप्पा रीबूटनंतरही टिकून राहायचा. मित्राच्या राउटरचा पाठिंबा संपलेलाच निघाला. तो डबा बदलला, आणि जुना आता गावाकडच्या घरी लावू का म्हणून विचारतोय. मी नको म्हटलंय.