जुन्या कुंडीतील माती: वळवापूर्वी ओली करून तापवा

टोमॅटो, वांगी, मिरचीची उन्हाळी झाडे आता संपत आली आहेत आणि गच्चीवरील अनेक बागांत कुंड्या रिकाम्या होऊ लागल्या आहेत. एप्रिलअखेर ते मेअखेर हे चार-पाच आठवडे माती तापवण्याचे आहेत. वळवाचे ढग एकदा जमू लागले की हे काम नीट होत नाही, म्हणून ते याच आठवड्यात हाती घ्यावे.

एक चूक मी दरवर्षी पाहतो. झाड बुंध्याशी कापले जाते, मुळे मातीतच राहतात, माती दोन-चार दिवस उन्हात पसरून कोरडी केली जाते आणि ती निर्जंतुक झाली असे समजून तिच्यातच पुन्हा टोमॅटो लावला जातो. गेल्या पावसाळ्यात एका परिचितांच्या गच्चीवर अशीच चार झाडे भर दुपारी माना टाकत होती आणि संध्याकाळी पुन्हा सावरत होती. विक्रेत्याच्या सांगण्यावरून त्यांनी दोन महागडी टॉनिके घातली, पण उपयोग झाला नाही. शेवटी आम्ही एक झाड उपटून मुळे बादलीत धुतली, तेव्हा तंतुमुळांवर मण्यांच्या माळेसारख्या गाठी दिसल्या. त्या सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या अतिसूक्ष्म कृमींच्या, गाठी होत्या. चवळी किंवा घेवड्याच्या मुळांवरील उपयुक्त गाठी मुळाच्या कडेला चिकटलेल्या असतात आणि बोटाने चोळल्यास सुटतात. सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, कारण तेथे मूळच सुजलेले असते.

सूत्रकृमीची अंडी चिकट आवरणात असतात आणि मुळांच्या तुकड्यांत दडून राहतात. नुसत्या कोरडेपणाने ती सगळी मरत नाहीत. ओल्या मातीत उष्णता आतपर्यंत पोचते आणि ओलाव्यामुळे जागे झालेले जीव तिला अधिक बळी पडतात. म्हणून मातीला ऊन दोनदा द्यावयाचे आहे: आधी कोरडे, मग ओले. कोरडे ऊन केवळ ढेकळे फुटून माती चाळता यावी यासाठी असते.

पहिल्या टप्प्यातील कामे:
- कुंडी उलटी करणे, गाठीची मुळे वेचून जाळणे (कंपोस्टात टाकू नयेत)
- माती दोन-तीन दिवस पसरणे, ढेकळे फोडणे
- सुमारे पाच-सहा मिलिमीटर भोकांच्या चाळणीने चाळणे
- रिकाम्या कुंड्या घासून धुणे, उन्हात ठेवणे

चाळलेल्या मातीवर पाणी शिंपडावे. मूठ दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांमधून पाणी गळू नये, इतकीच ओल हवी. ही माती पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून तोंडे घट्ट बांधावीत आणि भर उन्हाच्या गच्चीवर अर्ध्या वितीहून जाड थर होणार नाही अशा आडव्या ठेवाव्यात. काळे प्लॅस्टिक वापरू नये, कारण त्यात प्लॅस्टिकच अधिक तापते आणि माती कमी. चार ते सहा आठवडे ठेवण्याची शिफारस आहे. माझा अनुभव असा की पातळ थर आणि तापलेला स्लॅब असल्यास चार आठवडे पुरतात. दर आठवड्याला पिशव्या पालथ्या कराव्यात. सावलीच्या बाल्कनीत हा उपाय चालत नाही.

या तापण्याने उपयुक्त जिवाणू आणि बुरश्याही कमी होतात, त्यामुळे ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी तापवण्यापूर्वी घालणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. माती सावलीत थंड झाल्यावरच भर घालावी. वरील परिचितांच्या चार पिशव्यांतील माती चाळून सहा घमेली उरली. तिच्यात दोन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक किलो निंबोळी पेंड आणि शेणखतात आधी मिसळून आठवडाभर सावलीत ओलसर ठेवलेला शंभर ग्रॅम ट्रायकोडर्मा, एवढे पुरेसे आहे. मूठ-दोन मूठ हाडांचा चुरा मी घालतो, तो केवळ अंदाजाने. बाजारातील ‘मातीत जान आणणारी’ पाकिटे आणि दाणेदार विषे घरच्या भाजीत घालू नयेत. राख आमच्याकडील चुनखडीयुक्त मातीत टाळावी. कुंडीच्या काठावर पांढरा थर असेल, तर भरल्यानंतर दोन-तीनदा भरपूर पाणी देऊन क्षार खाली वाहू द्यावेत.

पेंड ओल्या मातीत कुजताना कोवळ्या मुळांना इजा होऊ शकते, म्हणून मिश्रण ओलसर ठेवून दहा-पंधरा दिवस थांबावे आणि मगच लागवड करावी. गाठी आढळलेल्या मातीत यंदा टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी किंवा काकडी न लावता झेंडू लावावा.

एका बाबतीत मात्र माती वाचवण्याचा प्रयत्नच करू नये. हिरवेगार झाड पिवळे न पडता एकाएकी सुकले असेल, तर त्याच्या बुंध्याचा ताजा तुकडा काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात उभा धरावा. काही मिनिटांत दुधी धागे खाली उतरताना दिसले, तर तो जिवाणूजन्य मर रोग आहे. ती माती टोमॅटो, वांगी, मिरची व बटाट्यासाठी पुन्हा वापरू नये, दुसऱ्या मातीत मिसळू नये आणि तिला लावलेले खुरपे धुतल्याशिवाय दुसऱ्या कुंडीत घालू नये.