ॲसिटोनचं मोलर वस्तुमान ४६ येत असेल तर: लहान फ्लास्कची ड्यूमा पद्धत

१०० मिलीचा कोरडा कोनिकल फ्लास्क घ्या. तोंडावर ॲल्युमिनियम फॉइल ताणून तांब्याच्या तारेने बांधा आणि मिलिग्रॅमपर्यंत वजन करा. मग फॉइल सोडवून आत सुमारे ३ मिली ॲसिटोन घाला, तेच फॉइल तशाच पद्धतीने पुन्हा बांधा आणि बारीक सुईने मधोमध एकच भोक पाडा. उकळत्या पाण्यात फ्लास्क मानेपर्यंत बुडवून धरा. पाणी हॉट प्लेटवरच उकळायचं, फ्यूम हूडमध्ये. ॲसिटोनच्या जवळ बर्नर पेटवायचा नाही, यात तडजोड नाही.

भोकातून बाहेर पडणारी वाफ उजेडासमोर थरथरताना दिसते. ती थरथर थांबली आणि तळाशी थेंब उरला नाही, की आणखी एक मिनिट थांबून फ्लास्क बाहेर काढा. घाई केली तर न उकळलेला द्रव वजनात येतो आणि उत्तर फुगतं. फार वेळ ठेवलात तर भोकातून हवा आत शिरते, बाष्प निसटतं आणि उत्तर घटतं. फ्लास्क थंड झाल्यावर बाहेरून पुसा, फॉइलच्या दुमडलेल्या कडेखाली टिपकागद घालून तिथलं पाणीही टिपा. तिथे राहिलेला १० मिलिग्रॅमचा थेंब उत्तरात २.४ ची भर घालतो. मग वजन करा.

इथपर्यंत सगळ्यांचं जमतं. चूक होते ती पुढच्या हिशोबात. बहुतेक प्रयोगपत्रिकांत तो अर्धाच दिलेला असतो, याचा मला खरोखर राग येतो.

पुण्यातल्या प्रयोगशाळेतले आकडे घेऊ. वजनातली वाढ ०.१९७ ग्रॅम. फ्लास्क काठोकाठ पाण्याने भरून मोजलेलं आकारमान १३७ मिली. छापलेले १०० मिली इथे निरुपयोगी, कारण बाष्प तोंडापर्यंत भरलेलं असतं. दाब ९४.९ किलोपास्कल आणि त्या दाबाला पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून तापमान ३७१.३ केल्विन. हवामानाच्या बातमीतला दाब समुद्रसपाटीला आणलेला असतो. पुण्यात तो वापरला तर उत्तर सहा टक्क्यांनी घसरतं, तेव्हा प्रयोगशाळेतलाच बॅरोमीटर वाचा.

n = PV/RT ने बाष्पाचे ०.००४२१ मोल मिळतात. ०.१९७ ला त्याने भागलं की ४६.८. विद्यार्थी असताना मला असंच उत्तर आलं होतं. अनोळखी द्रव म्हणून दिलेल्या बाटलीपुढे मी इथेनॉल लिहिलं, कारण इथेनॉलचं मोलर वस्तुमान ४६.१ आहे. बाटलीत ॲसिटोन होतं, ५८.१ चं. मी वजन तीनदा तपासलं होतं आणि वजन बरोबरच होतं.

गफलत हवेच्या वजनात होती. पहिल्या वजनाच्या वेळी फ्लास्क हवेने पूर्ण भरलेला असतो. दुसऱ्या वेळी आत थोडा द्रव जमलेला असतो, पण त्या द्रवाचं बाष्पही असतं, आणि ते जितकी जागा अडवतं तितकी हवा भोकातून परत येऊ शकत नाही. म्हणजे दुसऱ्या वजनात तेवढी हवा कमी भरते आणि आपण तो तुटवडा नकळत ॲसिटोनच्या वजनातून वजा करतो. २५ अंशांना ॲसिटोनचा बाष्पदाब ३०.८ किलोपास्कल असतो, म्हणजे पुण्याच्या दाबाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. या दाबाने १३७ मिलीमधून ०.००१७० मोल हवा बाहेर राहते. हवेचं सरासरी मोलर वस्तुमान २९ धरलं, तर ती ०.०४९ ग्रॅम भरते. ही वाढीत मिळवा: ०.२४६ ग्रॅम. आता उत्तर ५८.४.

ही दुरुस्ती करायची तर द्रवाचा बाष्पदाब हवा, आणि द्रव तर अनोळखी. मग अंदाज करून तो तपासायचा. समजा ते इथेनॉल आहे. त्याचा २५ अंशांचा बाष्पदाब ७.९ किलोपास्कल, दुरुस्ती ०.०१३ ग्रॅम, उत्तर जवळपास ५०. इथेनॉल मानून ५० आलं, म्हणजे अंदाज स्वतःच मोडला. ॲसिटोन मानून मात्र ५८ च येतं. सोबत उत्कलनबिंदू मोजून ठेवा. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं, इथेनॉल ७८ ला, त्यामुळे शंका राहत नाही.

ज्यां-बाप्तिस्त ड्यूमाने १८२६ मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हा तो बाष्पाने भरलेला काचेचा फुगा गरम असतानाच ज्योतीवर बंद करत असे, त्यामुळे हवा परत आत येतच नसे. आपण भोक उघडं ठेवतो, म्हणून हा हिशोब आपल्या वाट्याला येतो.

दुरुस्तीनंतरही ॲसिटोनला ५९-६० येऊ शकतं. बाष्प पूर्ण आदर्श वायू नसल्याने तेवढा फरक पडतो. ५८.१ जुळवण्यासाठी आकडे खरवडू नका. ५० च्या खाली आलं तर मात्र आधी हवेचा हिशोब तपासा, मग काटा.