आलेखावरून शिरोबिंदू वाचताना अंदाज नको

वर्गसमीकरणाचा आलेख काढला की मुळे पटकन दिसतात, पण शिरोबिंदू दोन रेघांच्या मध्ये आला की मुलं नजरेने काहीतरी ठोकून देतात. उदाहरणार्थ y = x² − 5x + 4.

1. वक्र Xअक्षाला जिथे छेदतो तिथला x वाचा. इथे 1 आणि 4, हीच मुळे.
2. Yअक्षावरचा छेद 4. हा समीकरणातला सुटा अंक असतो, त्यामुळे आलेख बरोबर आलाय का तेही लगेच कळतं.
3. आता शिरोबिंदू. मुळांचा मध्य घ्या: (1 + 4) ÷ 2 = 2.5. हा x समीकरणात घाला: 6.25 − 12.5 + 4 = −2.25. शिरोबिंदू (2.5, −2.25).

बिंदू मांडताना x = 2 आणि x = 3 दोन्हीला y = −2 येतो. बरेच जण हे दोन बिंदू पट्टीने जोडतात आणि तळ सपाट होतो; मग शिरोबिंदू −2 वर लिहिला जातो. वक्र त्यांच्या मधून आणखी थोडा खाली गेला पाहिजे.

वक्र Xअक्षाला शिवतच नसेल, तर वास्तव मुळे नाहीत. तरीही शिरोबिंदू मिळतो: एकाच उंचीवरचे कुठलेही दोन बिंदू घ्या आणि त्यांच्या x चा मध्य काढा.

सावधान: मूळ चौकटीच्या मध्ये पडलं, तर वाचलेली किंमत अंदाजेच असते. x² − 4x + 1 मध्ये 0.3 आणि 3.7 दिसतील, पण नेमकी मुळे 2 ± √3 आहेत. प्रश्नात अचूक उत्तर मागितलं असेल तर सूत्रच वापरा.