जुन्या फोटोवरून स्मृतिचित्र करताना या चुका टाळा

"तेराव्याला चित्र हवंय" असा फोन येतो आणि पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो. भिंतीवरच्या तसबिरीचा, काचेत ट्यूबलाइट चमकतेय, हाराने अर्धी हनुवटी झाकलेली. नवशिके घाईघाईने त्यावरच पेन चालवायला बसतात. मी बसत नाही. आधी मूळ फोटो मागवतो आणि तो काळा-पांढरा असला तरी रंगीत स्कॅन करतो. पिवळे डाग निळ्या चॅनेलमध्ये गडद उमटतात, लाल चॅनेलमध्ये जवळपास नाहीसे होतात. लाल चॅनेल उचलला की निम्मी साफसफाई तिथेच उरकते. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, वरचा थर काचेवरच राहील. काचेसकटच स्कॅन करा.

पण माझं खरं डोकं फिरतं ते डोळे 'सुधारण्या'वर. नारायण पेठेत माझ्याकडे काम शिकणाऱ्या एका मुलाला आजींचं चित्र करायचं होतं. फोटो एकच, लग्नातला ग्रुप फोटो, भर दुपारचा. आजींचं डोकं जेमतेम १ सेंटिमीटर. १२०० डीपीआयने स्कॅन केलं तरी एका डोळ्याच्या रुंदीला ६० पिक्सेल, तेही कागदाच्या रव्यासकट. ऊन डोक्यावर, त्यामुळे डोळ्यांच्या जागी नुसत्या सावल्या. पठ्ठ्याने तिथे बुबुळं, पापण्या, वर चमकीचे ठिपके असं सगळं मनाने काढलं. चित्र सुबक झालं. आजींची लेक बघून म्हणाली, "छान आहे हो, पण ही आई नाही."

मग त्याला डोळे पुसायला लावले. चित्र पाच छटांत बसवलं, डोळ्यांच्या खोबणीला एकच गडद आकार ठेवला, पापणीची कड एका रेषेत. लेकीला विचारून डावी भुवई किंचित वर नेली, उजवा गाल तसाच थोडा ओघळता ठेवला. चित्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून बघितलं आणि तिथून आजी दिसायला लागल्या. ओळख पटते ती छायेच्या आकारांवरून, पापण्या मोजून नव्हे. फोटोत जे नाही ते शैलीत विरघळू द्यायचं. स्मृतिचित्राला शैली हवी ती एवढ्यासाठीच. नाहीतर सरळ फोटो मोठा करा.

दोन्ही गाल आरशासारखे सारखे करू नका. चामखीळ घरच्यांना विचारल्याशिवाय काढू नका. फोटो उलटा छापलेला नाही ना, हे शर्टाच्या खिशावरून ताडून बघा, तो बहुधा आपल्या उजव्या हाताला दिसतो. जन्मभर टोपी घातलेल्या माणसाला शोभेसाठी पगडी चढवू नका.

आणि कुंकू. फोटोत कपाळ धूसर असेल तर कुंकू होतं की नव्हतं, केवढं होतं, आडवं की गोल, हे घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईला विचारा. नातू सांगेल त्यावर जाऊ नका, त्याने आजीला बहुतेक म्हातारपणीच बघितलेलं असतं.