काम स्वीकारलं गेलं, तरी बँक परफॉर्मन्स गॅरंटी सोडत नव्हती: माझा अनुभव

लक्षण असं: मी ज्याचं कंत्राटी काम केलं त्या मालकाने काम पूर्ण झाल्याचा दाखला दिला होता, तरी गॅरंटीसाठी मार्जिन म्हणून ठेवलेल्या एफडीवरचा लीन, म्हणजे बँकेचा ताबा, कायम आणि गॅरंटीचं कमिशनही चालूच. दाखल्याची प्रत दिली, अर्ज केले, गॅरंटीची मुदत संपल्याचंही दाखवलं, उपयोग शून्य. फार मनस्ताप झाला.

कारण साधं आहे. परफॉर्मन्स गॅरंटी हे काम नीट न झाल्यास पैसे देण्याचं बँकेने मालकाला दिलेलं वचन असतं, म्हणून त्यातून बँकेला मोकळं मालकच करू शकतो. शिवाय मुदतीनंतर दावा करण्याचा वेगळा काळ असेल, तर तोवर बँक जबाबदारी धरूनच चालते.

शेवटी चाललेला क्रम असा. आधी मालकाकडून थेट बँकेच्या नावे पत्र घेतलं. त्यात गॅरंटीचा क्रमांक, तारीख, रक्कम, मुदतवाढीचा तपशील आणि ‘आमचा कोणताही दावा नाही, बँक जबाबदारीतून मुक्त आहे’ हे वाक्य होतं. सही अधिकृत व्यक्तीचीच हवी, कारण बँक ती पडताळते. मग मूळ गॅरंटी आणि मुदतवाढीचा मूळ कागद (हा हमखास राहतो) पत्रासोबत देऊन पोच घेतली. गॅरंटी रद्द झाल्यावर लीन काढण्याचा वेगळा अर्ज दिला.

गॅरंटीत दोषदायित्वाचा काळ, म्हणजे कामातले दोष कंत्राटदाराने दुरुस्त करून देण्याची मुदतही धरली असेल, तर मालक हे पत्र तो काळ संपल्यावरच देतो.