सीए झाल्यावर सरांना आभाराचं पत्र लिहिताय? या चुका टाळा

आमच्या धरमपेठच्या ऑफिसातली एक मुलगी सीए झाली. आर्टिकलशिपमध्ये जिच्या हाताखाली शिकली त्या मॅडमसाठी तिनं आभाराचा मजकूर लिहिला आणि मला दाखवला. ‘आपण माझं प्रेरणास्थान आहात, आपल्या मार्गदर्शनाशिवाय हे शक्य नव्हतं.’ मी तिला म्हटलं, मॅडमचं नाव काढून तुझ्या कॉलेजच्या सरांचं टाक. पत्र जसंच्या तसं चाललं असतं. म्हणजे त्यात मॅडम नव्हत्याच.

मग विचारलं, त्यांनी शिकवलेलं असं काय आहे जे तू आजही करतेस? जरा थांबून तिनं सांगितलं. इतवारीतल्या एका कापड व्यापाऱ्याचं बँक रिकन्सिलिएशन होतं आणि 5,400 रुपयांचा फरक काही केल्या निघत नव्हता. दुपारपासून ती एकेक नोंद टिक करत बसली होती. मॅडम आल्या, म्हणाल्या, “आधी नऊनं भाग बरं.” 5,400 ला नऊनं भाग जातो, म्हणजे आकडे उलटसुलट पडल्याची शक्यता. हजार आणि शतकाचे आकडे उलटले असतील तर नऊशेनं भागायचं. उत्तर आलं सहा. आता असा आकडा शोधायचा, ज्यात या दोन जागांवरच्या अंकांत सहाचा फरक आहे. सापडला: 18,200 चा चेक 12,800 असा चढला होता. आणि मॅडमनी लगेच बजावलं होतं, भाग गेला म्हणजे चूक हीच असं समजू नको, एखादं शून्य कमीजास्त पडलं तरी नऊनं भाग जातो, व्हाउचर उघडून पाहायचंच.

हेच लिही, म्हटलं. फक्त व्यापाऱ्याचं नाव आणि इतवारी दोन्ही गाळ. अशिलाची माहिती गुप्त ठेवणं आपल्या पेशाचा नियम आहे, आणि आभाराचं पत्र फॉरवर्ड होत कुठंही जातं. ही चूक उत्साहात फार होते.

दुसरी खोट ‘तुमच्यामुळेच’ या शब्दात. परीक्षा तिनं दिली, हे मॅडमना माहीत आहे. त्याऐवजी तिनं लिहिलं, ‘परवा नव्या आर्टिकलचा फरक जुळेना, तेव्हा माझ्या तोंडून आपसूक तुमचंच वाक्य निघालं.’ मला वाटतं, शिकवणाऱ्याला हे वाचून जे मिळतं ते विशेषणांतून मिळत नाही.

मूळ मजकुराच्या शेवटी एक ओळ होती: ‘एखादं काम असल्यास कळवावे.’ ती मी खोडायला लावली. काम मागायचं असेल तर महिन्याभरानं वेगळा फोन करावा, नाहीतर वरचे सगळे आभार प्रस्तावनेसारखे वाटू लागतात.

आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाठवू नका. टॅक्स ऑडिटच्या धावपळीत मॅडम फक्त अंगठ्याचा इमोजी पाठवतील. दिवाळीच्या आधी, कागदावर लिहून, स्वतः नेऊन द्या.