जीएसटीची कामं वाटताना कोरा कागद घ्या

आमच्या कर सल्लागार ऑफिसात अवघड फाइल नेहमी एकाच अनुभवी माणसाकडे जायची, आणि तो रजेवर गेला की सगळे हातावर हात धरून बसायचे. आता एका कागदावर आडवी कामं, उभी नावं आणि प्रत्येक चौकटीत आकडा:

० – कधी केलं नाही
१ – कुणी शेजारी बसलं तर जमतं
२ – एकट्याने जमतं
३ – दुसऱ्याला शिकवता येतं

तारीख डोक्यावर आली असेल तर काम २ किंवा ३ वाल्याला द्यायचं. हातात दिवस असतील तर १ वाल्याला, आणि तपासायला ३ वाला आधीच ठरवून. उदाहरणार्थ, १४ तारखेला जीएसटीआर-२बी आला की चाळीसेक खरेदी बिलांचा एक छोटा ग्राहक नव्या मुलीकडे जातो. ती बिलं जुळवून १७ला दाखवते. ३बी भरायची मुदत २०ची, म्हणजे चुकलं तरी दुरुस्तीला वेळ उरतो. तिला एका वेळी असं एकच काम, बाकीची सवयीची.

आकडे मात्र ज्याचे त्याला भरू देऊ नका. लाजाळू माणूस स्वतःला १ देतो, बोलका ३. शेवटच्या दोन फाइलींत किती दुरुस्त्या निघाल्या, ते बघून भरा.